एगलेस मेयोनीज आणि केक: चिन्ह कुठवर सांगते आणि पुढे काय वाचावे

प्रश्न: एगलेस आणि अंडे असलेले मेयोनीज किंवा केक यांची पाकिटे अगदी सारखी दिसतात. नक्की कसे ओळखायचे? फक्त हिरवा ठिपका पाहिला तर पुरे का?

आपल्याला केवळ अंडे खायचे नसेल आणि पाकीट भारतात विक्रीसाठी रीतसर वेष्टित केलेले असेल, तर हिरवे चिन्ह पुरेसे आहे. घरात कोणाला अंड्याची ॲलर्जी असेल, तर मात्र ते पुरेसे नाही. हा फरक का पडतो, हे समजण्यासाठी चिन्ह नेमके कशाची ग्वाही देते ते पाहावे लागते.

भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्या पदार्थात मांस, मासे, अंडे किंवा कोणताही प्राणिजन्य घटक आहे, तो मांसाहारी ठरतो. दूध, दुधाचे पदार्थ, मध आणि मधमाशांचे मेण यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे नियमाच्या दृष्टीने अंडे मांसाहारी गटातच मोडते आणि अंड्याच्या बलकाची चिमूटभर पावडर घातली, तरी त्या पाकिटावर हिरवे चिन्ह छापता येत नाही. हिरवे चिन्ह म्हणजे हिरव्या कडेच्या चौकोनात भरीव हिरवे वर्तुळ. मांसाहारी चिन्ह पूर्वी तपकिरी चौकोनातील तपकिरी वर्तुळ होते. २०२०च्या लेबलिंग नियमांनी वर्तुळाच्या जागी भरीव तपकिरी त्रिकोण आणला.

हा बदल मला फार उपयोगी वाटतो, कारण आपण सगळे ‘लाल ठिपका’ म्हणत असलो, तरी तो रंग तपकिरी आहे आणि लहान पाकिटावर नियमानुसार वर्तुळाचा व्यास केवळ ३ मिलिमीटर असला तरी चालतो. मंद उजेडात किंवा गडद छपाईच्या वेष्टनावर हिरवा आणि तपकिरी हे दोन्ही रंग काळपट दिसतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या व्यक्तीला तर ते भर उजेडातही वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून रंगापेक्षा आधी आकार पाहावा. त्रिकोण दिसला की पदार्थ मांसाहारी गटातला आहे, हे रंग न पाहताही कळते. वर्तुळ दिसले, तर मात्र रंगाची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या छपाईचे वेष्टन हाती आले तर त्यावर तपकिरी वर्तुळ असू शकते. चिन्ह शोधायला सहसा पाकीट उलटावे लागत नाही. ते समोरच्या बाजूला, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ असणे बंधनकारक आहे.

आता एकाच कंपनीच्या, एकाच रंगसंगतीच्या मेयोनीजच्या दोन बाटल्या समोर ठेवल्या आहेत असे समजा. एकीवर त्रिकोण आहे. तिची घटकसूची साधारणपणे अशी असते: खाद्यतेल, पाणी, साखर, अंड्याचा बलक किंवा बलकाची पावडर, व्हिनेगर, मीठ, मोहरी आणि शेवटी घट्टपणा आणणारे व टिकवणारे पदार्थ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे अंडे पहिल्या ओळीत दिसले नाही म्हणून तिथेच थांबू नये. मेयोनीजमध्ये तेलाचा वाटा मोठा आणि बलकाचा लहान असतो, म्हणून त्याचे नाव मध्यावर येते. सूचीच्या खाली ॲलर्जीकारक घटकांची वेगळी ओळ असते आणि तिथे ‘कंटेन्स एग’ असे स्पष्ट लिहिलेले सापडते. मला ही ओळ सर्वांत भरवशाची वाटते, कारण घटकसूचीत अंडे ‘एग योक पावडर’, ‘होल एग पावडर’, ‘एग व्हाइट’ किंवा ‘अल्ब्युमिन’ अशा निरनिराळ्या नावांनी येऊ शकते, पण या ओळीत त्याला ‘एग’ म्हणूनच यावे लागते.

दुसऱ्या बाटलीवर हिरवे वर्तुळ आहे. बलकातील लेसिथिन आणि प्रथिने तेल व पाणी यांना एकजीव धरून ठेवतात. ते काम येथे दुधाचे घनपदार्थ, सोया प्रथिने, सुधारित स्टार्च किंवा झँथन गम, म्हणजे लेबलवरील मिश्रकांच्या क्रमांकानुसार आयएनएस ४१५, यांच्याकडे सोपवलेले असते. परंतु स्टार्च किंवा गम दिसला म्हणजे अंडे नाही, असा निष्कर्ष काढू नये, कारण अंडे असलेल्या मेयोनीजमध्येही ते घातले जातात. मेयोनीजच्या पांढऱ्या किंवा पिवळसर रंगावरूनही काही ठरत नाही. आयएनएस ३२२ हा क्रमांक पाहून अनेक जण घाबरतात. तो लेसिथिनचा क्रमांक आहे आणि लेसिथिन सोयाबीनपासूनही मिळते, अंड्यापासूनही. मात्र हिरवे चिन्ह असलेल्या पाकिटात अंड्याचे लेसिथिन वापरण्यास वाव नाही.

केकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तपकिरी त्रिकोण पदार्थ मांसाहारी आहे एवढेच सांगतो, त्यात अंडेच आहे असे सांगत नाही. एखाद्या केकमध्ये अंडे मुळीच नसेल, पण वरच्या चकचकीत थरात किंवा मूसमध्ये प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असेल, तर तो ‘एगलेस’ असूनही त्यावर त्रिकोणच येईल. ‘एगलेस’ हा शब्द फक्त अंड्याबद्दल बोलतो, म्हणून शाकाहारी व्यक्तीने त्यावर विसंबण्यापेक्षा चिन्ह पाहावे. उलट, अंडे चालते पण इतर काही चालत नाही, अशा व्यक्तीला चिन्हाजवळ कधी कधी मदत मिळते: पदार्थात अंडे हा एकमेव मांसाहारी घटक असेल, तर उत्पादक तसे वेगळे लिहू शकतो. ते लिहिणे ऐच्छिक असल्यामुळे, लिहिलेले नसेल तर त्यावरून कोणताही अर्थ काढू नये.

घरी केक करण्यासाठी मिळणाऱ्या प्रीमिक्सच्या पाकिटावर तर मी सर्वांत जास्त वेळ थांबतो. त्यावर हिरवे वर्तुळ असते आणि मागच्या बाजूला कृतीमध्ये ‘दोन अंडी घाला’ असे लिहिलेले असू शकते. यात नियमभंग नाही, कारण चिन्ह पाकिटाच्या आतल्या पिठाबद्दल आहे, तयार होणाऱ्या केकबद्दल नाही. म्हणून प्रीमिक्स घेताना समोर ‘एगलेस’ असे लिहिले आहे का आणि कृतीत केवळ तेल, दूध किंवा पाणीच सांगितले आहे का, हे दोन्ही वाचावे. अंड्यासाठी बेतलेल्या मिश्रणात नुसते पाणी घातले, तर केक बहुधा दडस किंवा भुसभुशीत होतो.

शेवटी ॲलर्जीविषयी. हिरवे चिन्ह असलेल्या पाकिटावर ‘मे कंटेन एग’ असा इशारा असू शकतो. त्याचा अर्थ कृतीत अंडे घातलेले नाही, पण त्याच कारखान्यात किंवा त्याच यंत्रांवर अंड्याचे पदार्थही तयार होत असल्याने अंश मिसळण्याची शक्यता आहे. ज्यांचे बंधन आहारनियमापुरते आहे, ते असे पाकीट घ्यायचे की नाही हे स्वतः ठरवू शकतात. ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांनी ते घेऊ नये. आणि चिन्ह हिरवे असूनही घटकसूचीत अंडे लिहिलेले आढळले, तर ते पाकीट वापरू नका. वेष्टनाचे छायाचित्र आणि त्यावरील १४ अंकी परवाना क्रमांक जपून ठेवा आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार नोंदवा.