उशिराबद्दल 3 लाख दंड आणि वर 12 लाखांचा नफा: किती द्यावं लागेल?

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे. 50 गिअरची 8 लाख 40 हजारांची ऑर्डर होती, माल 19 दिवस उशिरा गेला. परचेस ऑर्डरमध्ये, म्हणजे पीओमध्ये, 'डिलिव्हरी उशिरा झाल्यास 3 लाख दंड' असं छापलेलं आहे. आता खरेदीदार 3 लाखांची डेबिट नोट पाठवतायत, शिवाय उशिरामुळे त्यांची एक्सपोर्ट ऑर्डर गेली म्हणून 12 लाख वेगळे मागतायत. सही तर मी केली आहे. सगळं द्यावं लागेल का?

उत्तर: नाही. पण शून्यावरही सुटणार नाही, कारण उशीर तुमचा आहे.

आधी 3 लाखांचं बघू. करार कायद्याचं, म्हणजे 1872 च्या कायद्याचं, कलम 74 असं सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी समोरच्याला मिळते ती 'वाजवी भरपाई', आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा. आकड्याला 'दंड' म्हटलंय की 'लिक्विडेटेड डॅमेजेस', म्हणजे आधीच अंदाजून ठरवलेली भरपाई, याने आपल्याकडे फारसं बिघडत नाही. इंग्लंडमध्ये या दोन शब्दांवरून शंभर वर्षं कीस पाडला गेला. आपल्या कलमाने तो वाद बराचसा बाजूलाच ठेवला.

वाजवी किती, हे कसं ठरतं त्याचा माझा आवडता खटला बटाट्यांचा आहे. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने 1947 मध्ये लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचे दोन करार केले आणि मिळून 18,500 रुपये अनामत भरली. पुरवठा बिघडला, सरकारने करार रद्द करून अनामत जप्त केली. सुप्रीम कोर्टाने 1969 मध्ये विचारलं ते एवढंच: तुम्ही माल दुसरीकडून घेतलात ना, मग जास्त काय मोजलंत? बटाट्यांचा बाजारभाव सिद्ध करणं अवघड नव्हतं, सरकारने तो पुरावाच दिला नाही. अनामत परत करावी लागली.

तुमच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा. समजा, त्या 19 दिवसांत त्यांनी 12 गिअर दुसऱ्याकडून नगामागे 2,500 रुपये जास्त देऊन घेतले आणि टेम्पोला 6,000 गेले. म्हणजे नुकसान 36,000. गिअरअभावी त्यांची उत्पादनाची लाइन बंद राहिली असेल तर तेवढ्या तासांचा खर्च वर, पण त्याची नोंद दाखवायला हवी. शिवाय तुमचं कलम एक दिवस उशीर झाला काय नि महिना झाला काय, 3 लाखच म्हणतं. आठवड्याला अमुक टक्के असं असतं, तर निदान हिशेब मांडून लिहिलंय असं तरी म्हणता आलं असतं.

त्यांचा वकील 2003 चा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्सचा निकाल पुढे करेल. तिथे पाइप उशिरा आल्याबद्दलची ठरलेली कपात कोर्टाने मान्य केली होती. पण तेलविहिरीचं काम लांबल्याने नेमकं किती नुकसान झालं हे पैशांत मोजणं कठीण, म्हणून आधी ठरवलेला आकडा धरला. गिअरचं तसं नाही, ते मोजता येतं. 2015 च्या कैलाश नाथ निकालातही सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलं: सिद्ध करणं कठीण असेल तर पुराव्याची सूट, पण मुळात नुकसानच नसेल तर भरपाईही नाही.

आता 12 लाख. इथे कलम 73 येतं: दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही. याचं मूळ 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या खटल्यात आहे. ग्लॉस्टरच्या गिरणीचा तुटलेला दांडा वाहतूकदाराने उशिरा पोचवला, गिरणी बंद पडून राहिली, तरी बुडालेला नफा मिळाला नाही. दुसरा दांडा नाही हे वाहतूकदाराला माहीतच नव्हतं. कलम 73 खालच्या एका उदाहरणात तर गिरणी बंद आहे हे वाहतूकदाराला सांगितलेलं असतं. तेव्हा गिरणीचा सरासरी नफा मिळतो, पण त्या काळात हातचं गेलेलं सरकारी कंत्राट तरीही मिळत नाही.

म्हणून तुमचे पीओच्या आधीचे मेल आणि व्हॉट्सअॅप आजच काढून बघा. 'हा माल अमुक एक्सपोर्टसाठी आहे, चुकला तर ऑर्डर जाईल' असं पीओच्या तारखेपूर्वी कुठे लिहिलेलं आहे का? तसं असेल तर त्यांना बोलायला थोडी जागा आहे. नंतर, उशीर झाल्यावर पाठवलेला 'आमची ऑर्डर जातेय' हा मेसेज उपयोगाचा नाही. बघायचं असतं ते करार करताना काय माहीत होतं ते. आणि तसं लिहिलेलं निघालं तरी उशिराची कमाल मर्यादा त्यांनी स्वतःच 3 लाख छापली आहे, ती ओलांडून 12 लाख कसे मागणार?

डेबिट नोटवर 'मान्य' असं लिहून सही करू नका. हे माझ्या एका अशिलाने केलं होतं, नंतर ते निस्तरायला दोन वर्षं गेली. लेखी उत्तर द्या: 'उशीर मान्य, रक्कम अमान्य, दुसरीकडून घेतलेल्या मालाची बिलं आणि लाइन बंद असल्याच्या नोंदी पाठवा.' बिलं आली की त्या आकड्यावर बोला.