एका स्लॅबला शटरिंग ऑइल किती लागतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : कागलजवळ घराचा पहिला स्लॅब टाकतोय. बाहेरून १० बाय ८ मीटर, जाडी १२५ मिमी. उभे तीन आणि आडवे तीन बीम, सगळे २३० बाय ४५०. कॉलम नऊ, २३० बाय ४५०. प्लेटा स्टीलच्या, जुन्या पण बऱ्या. सेंट्रिंगवाला वीस लिटर ऑइल आणा म्हणतो, दुकानदार म्हणतो पाच लिटरचा डबा पुरेल. कोणाचं ऐकू?

या स्लॅबपुरतं दुकानदाराचं बरोबर आहे. ते हिशेबानं पटवून घ्या, म्हणजे पुढच्या मजल्याला कोणाला विचारावं लागणार नाही.

काँक्रीट चिकटू नये म्हणून तेल लागतं, ते काँक्रीट साच्याला जिथं टेकतं तेवढ्या पृष्ठभागाला. स्लॅबचं वरून मोजलेलं क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. बीमचा तळ वेगळा धरायचा का, यात पुष्कळांचा गोंधळ होतो. बीम जेवढी रुंदी अडवतो तेवढा स्लॅबचा तळ कमी होतो, त्यामुळे स्लॅबचा तळ आणि बीमचा तळ मिळून ८० चौरस मीटरच होतात. त्यातून नऊ कॉलमची डोकी वजा करा. ती साधारण १ चौरस मीटर भरतात, म्हणजे ७९ उरले.

आता बीमच्या बाजू. बाहेरचा घेर ३६ मीटर आहे आणि तिथं स्लॅबच्या कडेसकट पूर्ण ४५० मिमी उंचीची प्लेट लागते, म्हणून ३६ × ०.४५ = १६.२. आतल्या बाजूला बीम स्लॅबच्या खाली ४५० वजा १२५, म्हणजे ३२५ मिमी उतरतो. तीन बाय तीन बीममुळे चार चौकटी तयार होतात. प्रत्येक चौकट आतून ४.६५५ बाय ३.६५५ मीटर, म्हणजे घेर १६.६२ मीटर. चार चौकटींचे मिळून ६६.५ मीटर, गुणिले ०.३२५, म्हणजे २१.६. एकूण झाले सुमारे ११७ चौरस मीटर. सेंट्रिंगचं बिल चौरस फुटात असेल तर १०.७६ नं गुणा, साधारण १,२६० चौरस फूट येतील. वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ दीडपट. मात्र हे दीडपट तुमच्या बीमच्या मांडणीचं आहे, शेजाऱ्याच्या स्लॅबला लावू नका.

जुन्या पण साफ स्टील प्लेटेवर तयार शटरिंग ऑइल लिटरला ३० चौरस मीटर धरावं. ११७ भागिले ३० म्हणजे ३.९ लिटर. सांडणं, ब्रशला राहणं, कोपरे यासाठी १५ टक्के वाढवले की साडेचार लिटर. कॉलम आधीच भरलेले असणार, म्हणून ते यात नाहीत. ते धरायचे झाले तर नऊ कॉलम, प्रत्येकाचा घेर १.३६ मीटर, बीमच्या तळापर्यंत उंची २.५५ मीटर, म्हणजे ३१ चौरस मीटर. त्याला सव्वा लिटर जास्तीचं.

वीस लिटर याच ११७ चौरस मीटरवर ओतलं तर तेलाचा थर हवा त्याच्या पाचपट जाड होतो. असं तेल उभ्या बाजूंवरून ओघळून बीमच्या तळाला साचतं. काँक्रीट पडलं की ते वर येऊन पृष्ठभागाला बारीक भोकं पाडतं, डाग सोडतं, कधी वरचा थर भुसभुशीत राहतो. प्लेटा नसून खडबडीत लाकडी फळ्या असत्या, तर मात्र लिटरला १२ चौरस मीटरच धरले असते आणि दहा-अकरा लिटर मागवले असते. सेंट्रिंगवाल्याचा अंदाज कदाचित फळ्यांच्या काळातला असेल. त्याला प्लेटेवर बोट फिरवून दाखवा. बोट तेलकट व्हायला हवं, पण ओघळ दिसता कामा नये.

प्रश्न : एका कंपनीच्या डब्यावर लिटरला ४० चौरस मीटर लिहिलंय. दुसऱ्या डब्यावर एकास दहा पाणी घालून वापरा असं आहे. हिशेबात कोणता आकडा धरायचा? (इचलकरंजी)

आधी बघा की तो आकडा कशाचा आहे, मूळ तेलाचा की पाणी मिसळून झालेल्या मिश्रणाचा. एकास दहा म्हणजे एका लिटरचं ११ लिटर मिश्रण. ते लिटरला २५ चौरस मीटर जात असेल, तर वरच्या ११७ चौरस मीटरला ४.७ लिटर मिश्रण लागेल, म्हणजे मूळ तेल अर्ध्या लिटरहून कमी. हाच आकडा चुकून मूळ तेलाचा समजलात, तर अकरापट माल आणून ठेवाल. डब्यावर स्पष्ट नसेल तर कंपनीचं माहितीपत्रक मागा, तोंडी उत्तरावर ऑर्डर देऊ नका.

छापलेला ४० चा आकडा गुळगुळीत, नव्या पृष्ठभागाचा समजावा. तुमच्या प्लेटेला किती लागतं ते साइटवरच काढता येतं. अर्धा लिटर मापून घ्या, प्लेटा जमिनीवर आडव्या मांडा आणि रोजच्याच माणसाला रोजच्याच फडक्यानं किंवा रोलरनं मारू द्या. तीन बाय दोन फुटाच्या २८ प्लेटा झाल्या, तर १६८ चौरस फूट झाले, म्हणजे १५.६ चौरस मीटर. लिटरला ३१. हा तुमचा खरा आकडा. प्लेटेवर जुनी सिमेंटची खरपुडी राहिली असेल तर तो २० वर घसरतो आणि तेल वाढवूनही काँक्रीट चिकटायचं थांबत नाही. तिथं आधी खरवडणी फिरवावी लागते.

प्रश्न : उद्यमनगरात गॅरेजचं काळं तेल स्वस्तात मिळतं. डिझेल घालून पातळ केलं तर चालतं ना? सगळे वापरतात. (शिरोली)

ज्या छताला खालून प्लॅस्टर होणार आहे तिथं वापरू नका, असं मी आग्रहानं सांगेन. जळलेल्या इंजिन तेलात काजळी आणि धातूचे कण असतात, आणि ते काँक्रीटच्या छिद्रांत मुरतं. प्लेटा निघतात छान, त्यामुळे तोटा त्या दिवशी कळत नाही. तो दिसतो प्लॅस्टर करताना, किंवा काही महिन्यांनी छताचा गिलावा पोकळ वाजायला लागतो तेव्हा. शिवाय हे तेल मारणाऱ्याच्या हातांना रोज लागतं, आणि वापरलेलं इंजिन तेल कातडीला सतत लागत राहणं घातक असतं.

आधीच वापरलं असेल तर प्लॅस्टरपूर्वी छतावर पाणी शिंपडा. काँक्रीटनं पाणी पिऊन घेतलं तर ठीक. थेंब गोळा होऊन लोंबत राहिले तर तेल अजून तिथं आहे. तो भाग साबणाच्या पाण्यानं तारेचा ब्रश घेऊन घासा, टाके घाला आणि पुन्हा पाणी मारून बघा. पाणी शोषलं जाईपर्यंत गवंड्याला चढवू नका.

प्रश्न : शटरिंगचा एरिया काढलाच आहे, तर त्याच आकड्यावरून क्युरिंग कंपाउंड मागवू का? उन्हाळ्यात टँकरचं पाणी परवडत नाही. (गोकुळ शिरगाव)

नाही, इथं क्षेत्रफळच बदलतं. शटरिंग ऑइल साच्याला लागतं, क्युरिंग कंपाउंड उघड्या पडलेल्या काँक्रीटला. स्लॅब भरल्या दिवशी उघडी असते फक्त वरची बाजू. वरच्याच १० बाय ८ च्या उदाहरणात ती ८० चौरस मीटर, ११७ नव्हे. आणि लिटरला जाणारं क्षेत्र कितीतरी कमी असतं. क्युरिंग कंपाउंडची प्रमाणित चाचणी लिटरला ५ चौरस मीटर या दरानं घेतात. झाडूनं खरखरीत केलेल्या स्लॅबला मी ४ धरतो. ८० भागिले ४ म्हणजे २० लिटर, वाऱ्यानं उडून जाणारं धरून २२. तेलाच्या पाचपट माल, क्षेत्रफळ कमी असूनही. कारण इथं ओलावा आत कोंडून ठेवणारा अखंड पापुद्रा तयार व्हावा लागतो. पातळ मारून पैसे वाचवले तर तो पापुद्रा होतच नाही आणि टाकलेलं सगळं वाया जातं.

मारायची वेळही महत्त्वाची. काँक्रीटवर तरंगणारं पाणी आटून चमक गेली की लगेच. चमक असताना मारलं तर पापुद्रा फुटतो. पृष्ठभाग सुकून पांढुरका पडल्यावर मारलं तर पाणी आधीच उडालेलं असतं. अर्धा माल एका दिशेनं आणि अर्धा काटकोनात फवारा, म्हणजे पट्टे सुटत नाहीत. वरच्या मजल्याच्या कॉलमचे पाय आणि बाहेर आलेल्या सळया आधी प्लॅस्टिकनं झाका. तिथं पुढचं काँक्रीट जोडायचं आहे आणि मध्ये हा पापुद्रा नको.

घराच्या स्लॅबला मात्र मी आधी पाण्याचाच हिशेब करेन. ८० चौरस मीटरवर वाफे करून एक इंच पाणी उभं करायला साधारण दोन हजार लिटर लागतं, त्यानंतर रोज फक्त आटलेलं भरायचं. पीपीसी सिमेंट असेल तर आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किमान १० दिवस, शक्यतो १४. मेणाच्या कंपाउंडवर नंतर फरशीचा मसाला, गच्चीचा कोबा, कॉलमचं प्लॅस्टर नीट धरत नाही. पापुद्रा घासून काढावा लागतो. कंपाउंडचा खरा उपयोग रस्ता, उघडं आवार, जिथं वरून काही चिकटवायचं नाही अशा ठिकाणी. प्लॅस्टर होणाऱ्या कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळा. कंपाउंडला इंजिनीअरची परवानगी लागते हेही लक्षात ठेवा, आय.एस. ४५६ मध्ये पाण्याऐवजी कंपाउंड वापरायचं तर तशी अट आहे.

प्रश्न : तेल मारून सळई बांधली आणि रात्री जोराचा पाऊस झाला. परत तेल मारायचं का? (राधानगरी)

सळई अंथरलेली असताना ब्रश फिरवू नका. सळईला तेल लागलं तर काँक्रीट तिला नीट धरत नाही. आधी दोन-चार ठिकाणी प्लेटेला बोट लावा. बोट अजून तेलकट होत असेल तर पुरे. पाण्यात मिसळायचं तेल सुकायच्या आत भिजलं असेल तर ते वाहून गेलेलं असतं. मग त्या चौकटीची जाळी उचलून धरायला लावा आणि घट्ट पिळलेल्या तेलाच्या फडक्यानं प्लेटा पुसून घ्या. सळईवर थेंब पडले तर ते त्याच वेळी साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं काढा.

खरी काळजी बीमच्या तळाची. पाणी तिथं जमतं आणि तेल त्यावर तरंगतं. तसंच काँक्रीट ओतलं तर ते तेल काँक्रीटबरोबर वर सरकत जातं. बीमच्या टोकाची एक प्लेट ढिली करून पाणी सोडून द्या, तळ कापडानं टिपून घ्या, मग प्लेट पक्की करा. तुमच्याकडच्या पावसात पाणी मिसळायचं तेल न घेता तयार तेल घ्यावं आणि मागवतानाच एका फेरीचं जास्त मागवावं. वरच्या मापाच्या स्लॅबला साडेचारऐवजी नऊ लिटर.