बोर्ड आणि सीईटीचं वेटेज ५०:५० वरून ४०:६० केलं तर रँक एवढी का हलते?

कर्नाटकचंच घ्या ना, तिथे इंजिनिअरिंगला पीयूसीचे, म्हणजे तिथल्या बारावीचे, पीसीएम ५० टक्के आणि केसीईटी ५० टक्के धरतात. समजा अ ला बोर्डात ९६, सीईटीत ६०, आणि ब ला ८४ न् ७०. ५०:५० ला अ ७८, ब ७७, म्हणजे अ पुढे. तेच ४०:६० केलं की अ ७४.४, ब ७५.६, झाली उलटापालट! बोर्डात अ १२ ने पुढे, सीईटीत ब १० ने, म्हणून बोर्डाचं वेटेज साधारण ४५.५ च्या खाली गेलं की ब जिंकतो. आणि मधल्या मार्कांत एवढी गर्दी असते की एका मार्कात शेकडो पोरं बसतात, टॉपर मात्र फारसे हलत नाहीत कारण त्यांचं दोन्हीकडे चांगलंच असतं.