पिक्रोटॉक्सिन येईपर्यंत थांबू नका, फेल्युअर मोजा

प्रश्न: "सोलापुरात एम.एस्सी. झूऑलॉजी भाग दोनला आहे. खेकड्याच्या पायाच्या ओपनर स्नायूवर प्रोजेक्ट आहे. इन्हिबिटर नर्व्हला पल्स दिला की एक्सायटेटरी रिस्पॉन्स पावपट उरतो. ही प्रीसिनॅप्टिक इन्हिबिशनच ना? सर म्हणतात पिक्रोटॉक्सिन मागवा आणि दाखवा. आणि चर्चेत कन्व्हर्जन्स, डायव्हर्जन्स, गॅप जंक्शन कुठे घालू?"

ही पोस्ट वाचून मला माझीच जर्नल आठवली. तोच स्नायू, तेच औषध, तोच सल्ला. डिसेक्शन कसं करायचं, इलेक्ट्रोड कसे भरायचे हे मी सांगत नाही, ते तुम्हाला येतं हे पोस्टवरून दिसतंय.

आधी अडचण नेमकी सांगते. इन्हिबिटरच्या टोकातून गाबा सुटतो आणि खेकड्यात तो दोन जागी काम करतो. एक, स्नायूच्या पडद्यावर. तिथे क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात, पडद्याचा रोध कमी होतो आणि एक्सायटरने पाठवलेला विद्युतप्रवाह त्या भोकांतून गळून जातो. ही पोस्टसिनॅप्टिक. दोन, एक्सायटरच्या टोकावरच. तिथे टोकाचाच स्पाइक थोडा खुंटतो, आत कॅल्शियम कमी जातं आणि ट्रान्समीटरची पाकिटं कमी फुटतात. ही प्रीसिनॅप्टिक. स्नायूत खुपसलेल्या इलेक्ट्रोडला दोन्ही सारखीच दिसतात: रिस्पॉन्स लहान झाला, इतकंच. म्हणजे पावपट उरणं हे कशाचंच उत्तर नाही.

पिक्रोटॉक्सिननेही उत्तर मिळत नाही, आणि माझी खरी चूक इथेच झाली. मांजराच्या मज्जारज्जूत हे औषध उपयोगी पडलं, कारण तिथे मोटर न्यूरॉनवरची नेहमीची पोस्टसिनॅप्टिक इन्हिबिशन ग्लायसिनची आहे. ती स्ट्रिक्नीनने जाते, प्रीसिनॅप्टिक पिक्रोटॉक्सिनने. दोन कुलपांना दोन किल्ल्या. खेकड्याच्या स्नायूत दोन्ही कुलपं गाबाचीच. पिक्रोटॉक्सिन टाकलं की दोन्ही उघडतात, रिस्पॉन्स पूर्ववत होतो आणि तुम्ही जिथे होता तिथेच राहता. मी पुस्तकातलं मांजर उचलून खेकड्यावर बसवलं.

त्यासाठी पाच महिने गेले. इंडेंट खरेदी विभागात गेलं, तिथून 'हे विष आहे का' असा शेरा मारून परत आलं. पत्र जोडलं, तर कुलूपबंद कपाटाचा दाखला हवा. तो दिला तोवर मार्च आला, बजेट संपलं, एप्रिलमध्ये नव्या फॉर्मवर पहिल्यापासून. विषाबद्दल विचारणं चूक नव्हतं, पिक्रोटॉक्सिन झटके आणणारं द्रव्य आहे, ते जपूनच हाताळायला हवं. पण तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी एका कागदावर सांगता आल्या असत्या. कोणीही सांगितलं नाही, आणि दर वेळी खिडकीवरचा माणूस वेगळा. कुपी आली त्या दिवशी प्रयोग केला, इन्हिबिशन गेली, मी आनंदाने 'प्रीसिनॅप्टिक सिद्ध' असं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "कोणती गेली हे कशावरून?" माझ्याकडे शब्द नव्हता. सबमिशन एक सत्र पुढे गेलं.

उत्तर १९६१ पासून उपलब्ध होतं. डुडेल आणि कुफ्लर यांनी क्रेफिशच्या याच स्नायूवर ते दाखवलं, तेही औषधाशिवाय, मोजून. ट्रान्समीटर ठरावीक मापाच्या पाकिटांत सुटतो. पोस्टसिनॅप्टिक परिणामात पाकिटं तेवढीच, पण प्रत्येकाची उंची कमी. प्रीसिनॅप्टिक परिणामात उंची तीच, पाकिटं कमी. तेवढं एक मोजलं की वाद संपतो.

इलेक्ट्रोड स्नायूत खुपसू नका, बाहेरून एका सिनॅप्सच्या ठिपक्यावर टेकवा. ठिपका सापडायला वेळ लागतो. सापडला की अधूनमधून आपोआप येणारी छोटी एकेरी टोकं दिसतात, ती एकेक पाकिटं. मग मंद गतीने एक्सायटरला २०० पल्स द्या आणि किती वेळा काहीच उमटलं नाही ते मोजा. ते फेल्युअर. नंतर पुन्हा २०० पल्स, पण प्रत्येक वेळी काही मिलिसेकंद आधी इन्हिबिटरला एक पल्स. हे अंतर थोडं मागेपुढे करून पाहा. इन्हिबिटरचा पल्स नंतर आला तर पाकिटं सुटून गेलेली असतात, परिणाम शून्य. ही वेळेची अटही प्रीसिनॅप्टिकच्या बाजूचा पुरावा आहे.

दुसऱ्यांदा प्रयोग केला तेव्हाची माझी एक जोडी देते. इन्हिबिटरशिवाय २०० पैकी २० फेल्युअर. इन्हिबिटरसह २०० पैकी ११०. पाकिटं कमी संख्येने आणि एकमेकांवर अवलंबून न राहता सुटतात असं धरलं, तर सरासरी पाकिटं अशी निघतात:

```
m = ln(N / N0)
ln(200/20)  = 2.3
ln(200/110) = 0.6
```

N म्हणजे एकूण पल्स, N0 म्हणजे फेल्युअर. म्हणजे दर पल्समागे २.३ पाकिटांवरून ०.६ वर, साधारण पावपट. आता दुसऱ्या वाटेने ताळा करा, ही पायरी गाळू नका. ग्राफपेपरवर माझं एकेरी टोक ४ मिलिमीटर यायचं, इन्हिबिटर असताना आणि नसतानाही. फेल्युअर शून्य धरून २०० रिस्पॉन्सची सरासरी आधी ९.२ मिलिमीटर, नंतर २.४. भागिले ४ केलं की पुन्हा २.३ आणि ०.६. दोन वाटा एकाच गावी आल्या. नुसती गळती असती तर सरासरी २.४ झालीच असती, पण फेल्युअर २० च्या आसपास राहिले असते आणि एकेरी टोक १ मिलिमीटरवर आलं असतं.

यात एक खड्डा आहे. गळती जास्त असेल तर १ मिलिमीटरचं टोक नॉइजमध्ये बुडतं, तुम्ही त्याला फेल्युअर म्हणता आणि खोटी प्रीसिनॅप्टिक इन्हिबिशन सापडते. म्हणून एकेरी टोकाची उंची इन्हिबिटर चालू असतानाच मोजायची, आधीची गृहीत धरायची नाही. नॉइज कमी करायचा तर सोलापुरात सरळ रात्री बसा. आमच्या लॅबमागच्या गल्लीत पॉवरलूम होते, दिवसा ५० हर्ट्झची लाट पडद्यावर ठाण मांडायची. आणि एप्रिल-मेमध्ये सलाइनचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहा. ते चढलं की पाकिटांची संख्याही सरकते आणि तुम्ही दोष इन्हिबिटरला देता.

टोकाचा स्पाइक फारसा लहान न होता पाकिटं एवढी कशी घटतात असं परीक्षक विचारू शकतात. बेडकाच्या स्नायूवर १९६७ मध्ये दिसलं की ट्रान्समीटर सुटणं कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घातावर चालतं. कॅल्शियम ७१ टक्क्यांवर आलं तरी ०.७१ चा चौथा घात ०.२५ होतो, म्हणजे पावपट. खेकड्यात घात नेमका चारच असेल असं लिहू नका, 'चढा घात' एवढं पुरे.

आता चर्चेचं. डायव्हर्जन्ससाठी मज्जारज्जूचं चित्र उसनं आणू नका, ते तुमच्या ट्रेमध्येच आहे. ओपनरला जाणारा एक्सायटर एकच, आणि तोच शेजारच्या स्ट्रेचर स्नायूलाही जातो. एक तार, दोन स्नायू. मग खेकड्याला फक्त एकच हलवायचा असेल तर? एक्सायटर बंद केला तर दोन्ही बंद. इथे इन्हिबिटर कामाला येतात, कारण ओपनरचा इन्हिबिटर वेगळा आणि स्ट्रेचरचा वेगळा. सामाईक तारेच्या एका फांदीची टोकं दाबली की दुसरी फांदी मोकळी राहते. आपल्या चादरीच्या जकार्डमागावर नक्षीसाठी अख्खा माग थांबवत नाहीत, तेवढे धागे खालीच ठेवतात, तसं.

कन्व्हर्जन्स दोन ओळींत उरका. तुमच्या स्नायूपेशीवर मोजक्याच तारा उतरतात, मांजराच्या मज्जारज्जूतल्या एका मोटर न्यूरॉनवर हजारो सिनॅप्स असतात. तिथे पोस्टसिनॅप्टिक गळती आसपास येणाऱ्या सगळ्यांचाच आवाज कमी करते, प्रीसिनॅप्टिक एकट्याचा. मात्र पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचं लिहिताना 'गाबा-ए रिसेप्टरमुळे संवेदी टोकाची इन्हिबिशन' असं ठाम विधान टाळा. २०२२ मधल्या कामात गाबा-ए संवेदी अॅक्सॉनच्या फांद्यांवर स्पाइकला उलट पुढे जायला मदत करतो आणि टोकावरचा अटकाव मुख्यतः गाबा-बी कडून होतो असं पुढे आलं. वाद अजून मिटलेला नाही, आणि मी त्या विषयातली तज्ज्ञ नाही.

गॅप जंक्शनचा तुमच्या स्नायूच्या निकालाशी संबंध नाही, उगाच पान भरू नका. घालायचंच तर फरक म्हणून घाला. फर्शपान आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिशच्याच जायंट मोटर सिनॅप्सवर विद्युत सिनॅप्स दाखवला. तिथे पाकिटंच नाहीत, प्रवाह वाहिन्यांतून थेट पलीकडे जातो. त्यामुळे रासायनिक सिनॅप्सला लागणारी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासची थांब तिथे जवळपास नसते आणि फेल्युअर मोजण्यासारखंही काही नसतं. तुमच्या पद्धतीची हद्द दाखवायला हे उदाहरण चांगलं. फक्त 'विद्युत सिनॅप्स नेहमी दोन्ही बाजूंनी चालतो' हे वाक्य लिहू नका. १९५९ चा हाच सिनॅप्स एका दिशेने सहज आणि उलट दिशेने फार कमी प्रवाह सोडतो, आणि परीक्षक नेमकं तिथे बोट ठेवतात.

सरांना दुखवायची गरज नाही. पिक्रोटॉक्सिनचा इंडेंट द्याच, तिन्ही कागद एकदम जोडून. आलं तर 'इन्हिबिशन क्लोराइडच्या वाहिन्यांतून होते' एवढं त्यावरून लिहिता येईल. ते येईपर्यंत ४०० ट्रेस घेऊन ठेवा, आणि ठिपका हलला असं वाटलं तर ती जोडी निःसंकोच टाकून द्या. माझ्या पहिल्या अकरा जोड्यांतल्या चारच टिकल्या होत्या.