प्रोफाइलमध्ये मोजकेच कार्यक्रम लिहा, खरं नीट लिहा

प्रश्न : मी निपाणीचा, कार्यक्रमांच्या आयोजनाचं काम करतो. तीन वर्षांत लग्नं, मुंजी, एकसष्टी असे २०-२२ कार्यक्रम हाताळलेत. प्रोफाइल केली आहे, फोटो भरपूर आहेत. तरी नवी पार्टी भेटली की 'बघतो, सांगतो' म्हणून जाते. विश्वास बसावा असं त्यात काय लिहायचं?

उत्तर :

तुमच्या प्रोफाइलवरचे फोटो कुणाच्या कामाचे आहेत, ते आधी बघा. स्टेज डेकोरेटरनं केलेलं असतं, फोटो फोटोग्राफरनं काढलेला असतो आणि तोच फोटो त्या दोघांच्या पानावर आणि मंगल कार्यालयाच्या पानावरही असतो. बेळगाव-खानापूर भागात लग्न ठरवायला साधारणपणे नवरीचे वडील आणि मामा येतात. त्यांनी तेच स्टेज आधी तीन ठिकाणी बघितलेलं असतं. मग ते घरी जाऊन कार्यालयाच्या मॅनेजरला फोन लावतात आणि 'हा माणूस कसा आहे हो?' असं विचारतात. तुमची प्रोफाइल त्या फोनच्या आधी वाचली जाते. मॅनेजर फोनवर जे सांगेल, तेच आधी त्यात लिहिलेलं असेल तर काम होतं.

मी बेळगावात टिळकवाडीला राहून ११ वर्षं हे काम करतोय. पहिली चार वर्षं माझीही प्रोफाइल 'थीम डेकोर, केटरिंग, साऊंड, सर्व काही एका छताखाली' अशीच होती. आता तिच्यात सहाच कार्यक्रम आहेत. प्रत्येकाला १०-१२ ओळी दिल्यात : कोणता महिना, कोणता परिसर, किती पानं उठली, कोणते व्हेंडर माझ्या हाताखाली होते, कोणते घरच्यांनी परस्पर ठरवलेले होते, काय अडलं आणि ते कसं सुटलं. घरच्यांनी परस्पर ठरवलेले व्हेंडर मी मुद्दाम लिहितो. जेवण तुम्ही ठरवलेलं नसताना जेवणाचं श्रेय घेतलंत, तर आचारीच चार ठिकाणी सांगत फिरेल.

त्या सहांतली एक नोंद सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिच्यावरच बोलतात.

मे महिना, खानापूर रोडवरचं कार्यालय, दुपारची अक्षता आणि संध्याकाळी स्वागत समारंभ. ७०० पानांची ऑर्डर होती. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चारनंतर वळीव कधी येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी साडेचारला आला आणि लाईन गेली. पावसाची तयारी होती. २५ केव्हीएचा जनरेटर सकाळपासून उभा होता, डिझेल भरलेलं होतं. २५ केव्हीए म्हणजे हाताशी साधारण २० किलोवॅट. माझ्या हिशोबानं साऊंड ६, मंडपाचे दिवे ५, जेवणाच्या हॉलमधले पंखे-दिवे ४ आणि स्वयंपाकघर २, असा एकूण १७ चा लोड होता. संध्याकाळी सातला डेकोरेटरच्या पोरांनी स्टेजसाठी प्रत्येकी १००० वॅटचे आठ पार लाईट लावले. मला विचारलं नाही, आणि मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं. १७ वर ८, झाले २५. जनरेटर दहा मिनिटं घरघरला, एक्झॉस्टमधून काळा धूर आला, दिवे मंदावले आणि ७.२० ला ट्रिप झाला. भर स्वागत समारंभात पूर्ण अंधार.

तो धूर आणि बदललेला आवाज ही आधीची खूण असते. जनरेटरपाशी माझा माणूस उभा असता तर दहा मिनिटं आधी कळलं असतं. तो पार्किंगला होता आणि त्याला तिकडे मीच पाठवलं होतं.

मी आधी नवरीच्या मामांकडे गेलो, जनरेटरकडे नाही. त्यांना म्हणालो, "मामा, जनरेटरवर लोड जास्त झालाय, बिघाड नाही. दहा मिनिटांत दिवे येतील. तोवर पंगत बसवू नका, मी सगळीकडे सरबत फिरवतो." इतकंच. काय झालं, किती वेळ लागेल आणि तुम्ही काय करायचं, याच क्रमानं. मग पार लाईट काढले, जनरेटर रिकाम्या लोडवर सुरू केला आणि एकेक लाईन जोडत गेलो. नऊ मिनिटं लागली. जिन्यावर आणि जेवणाच्या हॉलमध्ये चार्जिंगचे बल्ब आधीच लावलेले होते, म्हणून कुणी धडपडलं नाही.

हे सगळं प्रोफाइलमध्ये आहे. शेवटची ओळ अशी आहे : 'चूक माझी. डेकोरेटरकडून लोड लेखी घेतला नव्हता. आता प्रत्येक व्हेंडरकडून दोन दिवस आधी घेतो.' हे लिहू नकोस म्हणून धंद्यातल्या मित्रांनी मला समजावलं. खरं, प्रत्येक पार्टीच्या मनात एकच भीती असते, ऐनवेळी काही झालं तर हा माणूस फोन उचलेल का? 'आमच्याकडे कधीच अडचण आली नाही' असं वाचून ती भीती वाढते, कारण प्रत्येकानं आपल्या घरच्या लग्नात काही ना काही अडलेलं बघितलेलं असतं.

व्हेंडरशी ताळमेळाबद्दलही असंच ठोस लिहा. 'उत्तम समन्वय' या शब्दांतून कुणाला काही कळत नाही. माझ्या प्रोफाइलमध्ये कामांचा क्रम दिलेला आहे. आधी मंडपाचा सांगाडा, मग लाईटच्या वायरी, मग साऊंड लावून तपासणी, आणि फुलं सगळ्यात शेवटी. फुलांची माणसं शिड्या घेऊन फिरतात आणि साऊंडच्या केबल उशिरा आल्या की दोघांची भांडणं लागतात. मे महिन्यात झेंडू आदल्या रात्री लावला तर अक्षतेपर्यंत कोमेजतो, म्हणून फुलं पहाटे चारनंतर. एवढं वाचलं की या माणसानं कार्यालयात रात्र काढलीय, हे वाचणाऱ्याला कळतं.

आपल्या भागातली एक गोष्ट तुम्ही नक्की लिहा. मंडपवाला मराठी, आचारी गोकाककडचा कानडी, डेकोरेटर कोल्हापूरचा, असं आपल्याकडे नेहमीच असतं. मी दोन्ही भाषांत निरोप देतो आणि वेळ कायम इंग्रजी आकड्यांत लिहितो. एकदा 'पावणेदोनला जेवण' असा मराठीत निरोप गेला, आचाऱ्याच्या पोरानं त्यातला 'दोन' तेवढा उचलला आणि पंगत बसून पंधरा मिनिटं पानं रिकामी राहिली. तारखांचंही तसंच. १ नोव्हेंबरला बेळगावात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसांचा काळा दिवसही. त्या दिवशी शहरातून मंडपाची गाडी न्यायची असेल तर आदल्या रात्रीच आत घ्यावी लागते. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं की लॉज भरतात, पाहुण्यांना खोल्या मिळत नाहीत. या दोन्ही गोष्टी तारीख धरायच्या आधी पार्टीला सांगतो, असं माझ्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं आहे. निपाणीत तुम्हाला कोल्हापूरकडून गाड्या आणाव्या लागत असतील, तर सीमेवर तणाव असताना पर्यायी व्हेंडर कोण, हे तुम्ही लिहू शकता. ते बेळगावच्या माणसापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत.

आता घरच्यांच्या शांततेबद्दल. 'तुम्ही निश्चिंत राहा' म्हटल्यानं कुणी निश्चिंत होत नाही. दिवसभर काहीच कळत नाही म्हणून ते दर तासाला फोन करतात. शेवटचे सात दिवस मी रोज रात्री नऊला एकच निरोप पाठवतो. आज काय पक्कं झालं, काय बाकी आहे, उद्या तुमच्याकडून काय हवं, एवढंच त्यात असतं. तीन ओळींच्या वर जात नाही. काही बाकी नसेल तरी पाठवतो. कार्याच्या दिवशी घरचा एकच माणूस माझ्याशी बोलतो, बहुतेक वेळा मामा किंवा काका. नवरीच्या वडिलांना मी हे काम देत नाही, त्यांना त्या दिवशी दुसरं खूप असतं. तीन निर्णय आधीच लिहून घेतो : पाऊस आला तर पंगत कुठे, पानं वाढली तर किती वाढवायची आणि पैसे कोण देणार, मुहूर्त लांबला तर आधी काय आटपायचं. त्या कागदाचा नावं झाकलेला फोटो प्रोफाइलमध्ये टाका. स्टेजच्या दहा फोटोंपेक्षा तो जास्त वेळ बघितला जातो.

जे करत नाही तेही लिहा. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावून देत नाही, असं मी स्पष्ट लिहिलंय. कायद्यानं १० ते ६ बंदच आहे. या ओळीमुळे दोन-तीन पार्ट्या गेल्या असतील, पण ऐनवेळी पोलीस आले तर मान खाली जाते ती नवरीच्या वडिलांची.

साक्षीसाठी दोन जुन्या पार्ट्या आणि दोन व्हेंडर पुरेत. आधी विचारून ठेवा आणि नंबर जाहीर टाकू नका, मागितला की द्या. अडचण झालेली पार्टीच साक्षीला ठेवा. मंडपवाल्याकडून एवढंच लिहून घ्या की 'हिशोब तिसऱ्या दिवशी मिळतो'. पैसे थकवणाऱ्याचं काम व्हेंडर शेवटी करतात, हे पार्टीलाही ठाऊक असतं. घरच्यांचे फोटो टाकण्याआधी विचारा, मुलींच्या फोटोंबाबत तर नक्कीच.

तुमच्या २०-२२ कार्यक्रमांतले चारच निवडा. दोन वर्षांपूर्वी हिंडलग्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी आले होते. प्रोफाइल वाचूनच आले होते. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काय हो, जनरेटरचं आता काय करता?" मी फोनमधून मागच्या कार्यक्रमाची लोडची यादी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वरून खालपर्यंत वाचली, बेरीज स्वतः करून बघितली आणि मग तारीख सांगितली.