वेल्डरचं पहिलं काम: ठेकेदाराला काय विचारायचं

भाऊ, आयटीआय झालं असेल तर आधी भोसरी-चाकणकडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये स्वतः जा. हेल्मेट, ग्लोव्हज सोबत ठेव, कारण ठेकेदार कागदाआधी ट्रायल घेतो. बहुतेक वेळा प्लेटवर उभा जोड मारायला लावतात. अंडरकट किंवा पोरोसिटी दिसली तर तिथेच नकार येतो, म्हणून सराव करताना आडव्या जोडावर समाधान मानू नकोस.

ट्रायल जमली की हजेरी ठरवताना आठ तासांची की बारा, हे स्पष्ट विचार. ६०० रुपये बारा तासांचे असतील तर आठ तासांना ४०० च पडतात. पीएफचंही तसंच. माझ्या ओळखीच्या एका पोराच्या १५,००० वर १,८०० ऐवजी ३,६०० कापत होते, मालकाचा हिस्साही त्याच्याच पगारातून. हे कायद्यात बसत नाही. तुझा पीएफ खात्याचा नंबर म्हणजे यूएएन घे आणि पहिल्या दोन महिन्यांत पीएफच्या पासबुकात रक्कम जमा झाली का, स्वतः बघ.

ॲपवरून कॉल आला आणि गेटपास किंवा युनिफॉर्मसाठी आधी पैसे मागितले, तर फोन ठेव. व्हॉट्सॲप ग्रुपवर शटडाऊनची कामं लवकर कळतात, पण तिथल्या कुणीतरी त्या ठेकेदाराकडून पूर्ण पैसे घेतलेत का, हे विचारूनच निघ.