‘नॉट डिटेक्टेड’ आलं म्हणजे कॅन्सरची भीती संपली का?

प्रश्न: बाबांचा हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा झाला, रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ आहे. तरी डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात. लिव्हर कॅन्सरचा धोका संपला नाही का? आणि काकांना बी आहे, त्यांच्या गोळ्या मात्र कायमच्या, असं का?

तुमच्या बाबांचे यकृत उपचाराच्या आधी किती कडक झाले होते, यावर सगळे अवलंबून आहे. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक आणि गाठीगाठींचे होणे, झालेला असेल तर विषाणू गेला तरी धोका संपत नाही, तो बराच कमी होतो एवढेच. नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात फूट पडली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. 1986 मध्ये मशीनवर हात सापडून मोठा रक्तस्राव झाला आणि त्यांना दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच मुळी 1989 मध्ये, त्यामुळे त्या बाटल्या तपासण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर एकतीस वर्षे त्यांना काहीही झाले नाही. कावीळ नाही, पोटात दुखणे नाही. तलावपाळीला रोज तीन फेऱ्या मारत असत. 2017 मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सीची अँटी-एचसीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा आमच्या थोरल्या भावाचे, दादाचे, पहिले वाक्य होते, “लॅबची चूक असेल, दुसरीकडे करू.” दुसरीकडेही तेच आले.

त्या फाईलमधले आकडे मला अजून पाठ आहेत. वय 66, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइमे म्हणजे एएसटी 78 आणि एएलटी 64, प्लेटलेट एक लाख पाच हजार. एएलटी 64 पाहून दादा म्हणाला की थोडेच वाढले आहे. डॉक्टरांनी मात्र कागदाच्या मागच्या बाजूला एक गणित मांडून दाखवले. वय गुणिले एएसटी म्हणजे 5148. प्लेटलेट हजारांत धरून 105, त्याला एएलटीच्या वर्गमुळाने, म्हणजे 8 ने गुणले की 840. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 6.1. ही संख्या 3.25 च्या वर गेली की यकृतात व्रण बराच पुढे गेल्याचा संशय धरतात. नंतर केलेल्या फायब्रोस्कॅनमध्ये 19 किलोपास्कल कडकपणा आला आणि सिरॉसिस असल्याचे स्पष्ट झाले. प्लेटलेट घसरल्या होत्या त्या याचमुळे, कारण कडक झालेल्या यकृतातून रक्त सहज जात नाही, पाठीमागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात.

सी विषाणू आपल्या जनुकांत शिरून बसत नाही. त्याचा मार्ग लांबचा असतो. तो यकृताच्या पेशीत राहतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशीला मारते, तिच्या जागी नवी पेशी विभाजनाने तयार होते, तिलाही संसर्ग होतो आणि तीही मरते. मारण्या-भरण्याचा हा खेळ वीस-तीस वर्षे चालतो. मेलेल्या पेशींच्या जागी शरीर धाग्यांचे जाळे विणत जाते आणि शेवटी यकृत गुळगुळीत न राहता गाठीगाठींचे होते, तेच सिरॉसिस. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत चुकीला जागा असते. दाह चालू असेल तर चुका अधिक होतात. अशा काही चुका एकाच पेशीत साठल्या की ती पेशी कॅन्सरच्या वाटेला लागते. म्हणजे विषाणूने तीस वर्षांत जे करून ठेवले, ते तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पुसले जात नाही. गोळ्या नव्या चुका थांबवतात. आधी चूक साठलेल्या पेशी तिथेच असतात.

2018 च्या फेब्रुवारीत सोफोसबुविर 400 आणि वेलपाटासविर 100 मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी सुरू झाली, रोज एक, बारा आठवडे, एकूण 84. जुन्या इंजेक्शनांच्या दिवसांशी तुलना केली तर हा उपचार म्हणजे चमत्कारच म्हणायला हवा. औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही, आणि या टप्प्यावर तो सापडला नाही म्हणजे रोग बरा झाला असे धरतात. ऐरोलीहून दादा पेढे घेऊन आला.

डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले होते की सिरॉसिस असताना सी चालू राहिला तर शंभरातल्या साधारण तिघांना दर वर्षी यकृताचा कॅन्सर होतो, आणि सी बरा झाला तर हे प्रमाण एकाच्या आसपास येते, शून्यावर येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारे एक प्रथिन. सप्टेंबर 2018, मार्च 2019, सप्टेंबर 2019, तिन्ही वेळा काही निघाले नाही. मार्च 2020 ची राहिली, कारण टाळेबंदी लागली. त्याबद्दल कुणाला दोष नाही. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्रे उघडलेली होती. दादा म्हणाला, “व्हायरस जाऊन अडीच वर्षं झाली. करोनाच्या दिवसांत बाबांना कशाला बाहेर काढायचं?” मी वाद घातला आणि मग सोडून दिला. हे सोडून देणे मला आजही बोचते.

एप्रिल 2021 मध्ये केलेल्या सोनोग्राफीत उजव्या भागात 3.4 सेंटीमीटरची गाठ दिसली. अल्फा फीटोप्रोटीन 9 होते, म्हणजे जवळपास सामान्यच, आणि त्या आकड्याला धरून घरात आठवडाभर ‘कॅन्सर नसेलच’ असे चालले. कॅन्सर असूनही हा आकडा सामान्य राहणे नेहमीचे आहे, म्हणून तो एकट्याने कामाचा नाही. तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि शिरेच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडली. सिरॉसिस असलेल्या माणसात हे दोन्ही एकत्र दिसले की सहसा सुईने तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही.

आता सप्टेंबरच्या त्या तपासणीचे मोल सांगतो. अशा गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला ढोबळमानाने पाच महिने धरतात, आणि आकारमान दुप्पट झाले तरी व्यास फक्त सव्वापट होतो. एप्रिलमध्ये 3.4 असेल तर सात महिने आधी ती अडीच सेंटीमीटरच्या आत असणार. अडीच सेंटीमीटरची एकच गाठ सुई घालून जाळता येते आणि बऱ्याच जणांत तिथेच विषय संपतो. तीनच्या वर गेली की जाळण्याचा उपाय कमी खात्रीचा होतो. बाबांच्या प्लेटलेट आणि शिरांतला दाब पाहता तेवढा भाग कापून काढणेही सुरक्षित नव्हते. मांडीतून नळी नेऊन गाठीची धमनी बंद करण्याचा उपचार दोनदा झाला. बाबा त्यानंतर दोन वर्षे आठ महिने होते. शेवटी कॅन्सर यकृताच्या मोठ्या शिरेत शिरला.

दादा आजही म्हणतो, “त्या गोळ्यांनीच कॅन्सर झाला, त्याआधी बाबा ठणठणीत होते.” हे तो कुठूनही उचलून आणत नाही, 2016 च्या सुमाराला स्पेनमधल्या काही डॉक्टरांनी तशी शंका खरोखर मांडली होती. पण ते रुग्ण असे होते की ज्यांना आधीच कॅन्सर होऊन गेलेला होता, संख्या लहान होती आणि शेजारी तुलनेला बिनउपचारांचा गट नव्हता. पुढे हजारो रुग्णांची तुलना झाली तेव्हा चित्र उलटे निघाले, बरे झालेल्यांत कॅन्सर कमीच आढळला. बाबा ठणठणीत नव्हते, 2017 मध्येच त्यांचे यकृत 19 वर होते. पण दादा सोनोग्राफीच्या तारखेबद्दल बोलत नाही, गोळीबद्दल बोलतो, आणि त्याचे कारण मला कळते.

तुमच्या काकांबद्दल थोडक्यात. बीची गोष्ट वेगळी आहे. तो विषाणू पेशीच्या केंद्रकात स्वतःच्या जनुकांचे एक कडे करून ठेवतो, शिवाय त्याचे तुकडे आपल्या जनुकांतच घुसतात, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर विषाणूची वाढ दाबतात, ते कडे काढून टाकत नाहीत, म्हणून गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रक्तात विषाणू दिसत नाही म्हणून त्या स्वतःहून बंद केल्या तर विषाणू उसळून येतो, आणि सिरॉसिस असलेल्या माणसाचे यकृत त्या उसळीत निकामी होऊ शकते. विषाणू दाबून ठेवला तर कॅन्सरचा धोका साधारण निम्म्यावर येतो. काकांची सोनोग्राफीही चालू राहायला हवी, विशेषतः घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झाला असेल तर. आणि काकांच्या मुलांची एचबीएसएजी, म्हणजे बीची रक्ततपासणी, करून घ्या. आईकडून जन्माच्या वेळी लागण झाली तर ती बहुतेक मुलांत कायमची राहते, म्हणून काकूंची तपासणी आधी. लस सरकारी आरोग्य केंद्रातही मिळते, त्याबद्दल वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहायला हवी होती. हे सगळे सिरॉसिस झालेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला लागू आहे. तुमच्या बाबांचे यकृत उपचाराआधी मऊ असेल तर विषाणू गेल्यावर धोका इतका कमी राहतो की सहसा कायमची सोनोग्राफी सांगत नाहीत, आणि डॉक्टर सांगत असतील तर का ते विचारा. दारू चालू असेल किंवा मधुमेह आणि जाड पोट असेल तर मात्र हिशेब बदलतो. शिवाय चरबी जास्त असलेल्या माणसात सोनोग्राफीला यकृत नीट दिसत नाही. रिपोर्टमध्ये ‘पूर्ण दिसले नाही’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर त्या वेळची तपासणी झाली असे समजू नका, सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

फाईलमध्ये गोळ्या सुरू होण्याआधीचा फायब्रोस्कॅन शोधा, उपचारानंतरचा नाही, कारण दाह उतरल्यावर आकडा आपोआप घसरतो आणि सिरॉसिस नव्हताच असे वाटू लागते. तो नसेल तर त्याच वेळचे एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट घेऊन वरचे गणित मांडा. उत्तर 3.25 च्या पुढे आले तर ते डॉक्टरांना दाखवा आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख त्याच दिवशी पक्की करून या.